बहात्तरच्या दुष्काळातला रुपया

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत जाऊन पाहावेत. सह्याद्रीच्या कड्याशी पाऊस इतका पडतो की भातखाचरांतून पाणी काढून द्यावे लागते, आणि तिथून चाळीस-पन्नास किलोमीटर पूर्वेला, बेल्ह्याच्या किंवा लोणी-धामणीच्या माळावर, बाजरीच्या पेरणीसाठी आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते. ढग तेच असतात, पण डोंगर ओलांडताना बहुतेक रिकामे झालेले असतात. 1972 साली ते पूर्वेकडे पोचलेच नाहीत. त्याआधीचे दोन पावसाळेही महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्याला तोकडेच गेले होते. त्यामुळे कणगीत शिल्लक नव्हती आणि गाठीला पैसाही नव्हता.

त्या वर्षाच्या आठवणी घराघरांत सांगितल्या जातात. खडी फोडणाऱ्या बायका, कामावर मिळणारी सुकडी, रेशनच्या दुकानातला तांबडा अमेरिकन मिलो आणि त्याच्या न जमणाऱ्या भाकरी. या आठवणींच्या खाली मात्र हिशोबाची एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती सहसा सांगितली जात नाही. मुकादमाने मजुराच्या हातावर ठेवलेला रुपया पुढे कुठे गेला, किती हातांतून फिरला आणि कुठे अडला, ही ती गोष्ट.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. राज्यात धान्याचे उत्पादन नेहमीच्या निम्म्याच्या आसपास आले होते. सरकारने दुष्काळी कामे काढली: पाझर तलाव, नाला बांध, शेतांची बांधबंदिस्ती, रस्ते आणि रस्त्यांसाठी खडी. मे 1973 मध्ये या कामांवरच्या मजुरांचा आकडा पन्नास लाखांच्या जवळ गेला. 1971 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटी चार लाख होती. म्हणजे तान्ही मुले, म्हातारी माणसे आणि सगळी मुंबई धरूनही दर दहा माणसांमागे एक जण त्या उन्हाळ्यात सरकारी मस्टरवर होता. मजुरी दिवसाकाठी दोन-तीन रुपये.

या मजुरीकडे तेव्हा बहुतेक जण मदत म्हणूनच पाहत होते: माणूस जगवायचा, तर त्याला फुकट न देता काम करवून द्यायचे. पण मजुरी मिळाली की ती बाजारात जाते, आणि बाजारात गेलेला पैसा दुसऱ्याचे उत्पन्न होतो. केंब्रिजमधल्या रिचर्ड कान नावाच्या पंचविशीतल्या तरुणाने 1931 मध्ये हाच धागा धरून हिशोब मांडला होता. इंग्लंडमध्ये मंदी होती, कारखाने आणि माणसे रिकामी बसली होती. सरकारने रस्त्याच्या कामावर शंभर माणसे लावली तर त्यांच्या खरेदीमुळे आणखी किती जणांना काम मिळेल, असा त्याचा प्रश्न होता. त्याचे गुरू जॉन मेनार्ड केन्स यांनी 1936 च्या ग्रंथात त्याच कल्पनेवर मंदीचा आख्खा सिद्धान्त उभा केला. मराठी पाठ्यपुस्तकांत तिला ‘गुणक’ म्हणतात.

बेल्ह्याच्या शिवारात एका पाझर तलावाच्या भरावाचे काम चालले आहे, असे समजू. साठ मजुरांची एक टोळी आहे. आठवड्याचा पगार झाला आणि टोळीच्या हातात मिळून हजार रुपये आले. पुढचे आकडे हिशोबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत, पण रुपयाला फुटणाऱ्या वाटा खऱ्या आहेत.

या हजारातले शंभर रुपये कराच्या रूपाने सरकारकडे परत गेले असे धरू. मजूर आयकर भरत नाही हे खरे, पण काड्यापेटी, चहापूड, कापड यांच्या किमतीतच विक्रीकर आणि अबकारी कर मिसळलेले असतात. उरले नऊशे. त्यातले नव्वद रुपये खर्चच झाले नाहीत. उपाशी माणूस बचत कसली करणार, असे कोणी विचारील. तो बँकेत ठेवत नाही, सावकाराचे जुने देणे फेडतो किंवा दुकानदाराची उधारी थोडी खाली आणतो. अर्थशास्त्राच्या वहीत ही बचतच. नऊशेतले आठशे दहा खर्च झाले, म्हणजे हाती उरणाऱ्या दर वाढीव रुपयातले नव्वद पैसे. यालाच सीमान्त उपभोग प्रवृत्ती म्हणतात. नावाने दबून जाण्याचे कारण नाही. जास्तीचा एक रुपया मिळाला तर त्यातला किती उडेल, एवढाच तिचा अर्थ. मुंबईतल्या बड्या पगारदाराच्या बाबतीत हा आकडा पुष्कळ खाली असतो, आणि दुष्काळी कामावरच्या बाईच्या बाबतीत एकाला टेकलेला असतो.

खरी मेख यापुढे आहे. खर्च झालेल्या आठशे दहा रुपयांतले चारशे दहा रुपये तालुक्याबाहेर जाणार. ज्वारी-बाजरी शिवारात पिकलीच नाही, ती बाहेरून आली. रॉकेल बाहेरचे, कापड बाहेरचे, तेलही बाहेरचे. दुकानदाराला त्यात आडत आणि नफा मिळाला असेल, पण मालाची मूळ किंमत घाट उतरून किंवा नाशिक रस्त्याने निघून गेली. देशाच्या हिशोबात ज्याला आयात म्हणतात, तीच ही गळती. तालुक्यात उरले चारशे. त्यांतून दुकानदाराचा नफा निघाला, कोणी वहाणा सांधून घेतल्या, कोणी कुदळीला धार लावून घेतली, कोणी मेंढपाळाकडून मटण आणले, तर कोणी न्हाव्याचे वर्षाचे बलुते रोखीने चुकते केले.

त्या चारशेंचा प्रवासही तसाच. चांभार, लोहार, दुकानदार यांच्याकडूनही कर, बचत आणि बाहेरचा माल यांत साठ टक्के गेले आणि एकशे साठ रुपये पुढच्या हातात पडले. मग चौसष्ट, मग पंचवीस-सव्वीस, आणि असे करत करत ओघ आटला. सगळे फेरे मिळवले की बेरीज सुमारे सोळाशे सदुसष्ट रुपये होते. सरकारचे हजार आणि बाजाराने स्वतः फिरवलेले सहाशे सदुसष्ट. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत लिहितात:

k = 1 / (1 − c(1 − t) + m)

यात c म्हणजे उपभोग प्रवृत्ती, इथे 0.9. t म्हणजे कराचा वाटा, 0.1. m म्हणजे उत्पन्नातला बाहेरच्या मालाकडे जाणारा वाटा, 0.41. छेदात 0.60 येतात आणि गुणक 1.67 भरतो.

हे सूत्र उलटे चालवले की सरकारला उपयोगी पडते. एखाद्या तालुक्याचे नेहमीचे उत्पन्न दहा कोटी आहे आणि या वर्षी ते साडेआठ कोटींवर आले आहे, असे धरू. दीड कोटीची ही फट नुसती मागणी आटल्यामुळे पडली असेल, तर ती भरायला दीड कोटीची कामे काढावी लागत नाहीत. दीड कोटीला 1.67 ने भागले की नव्वद लाख येतात. आणि हाच तालुका आपले धान्य आपणच पिकवणारा असता, बाहेरची गळती 0.41 ऐवजी 0.11 असती, तर गुणक 3.33 झाला असता आणि पंचेचाळीस लाखांत काम भागले असते. मजूर, मजुरी आणि फट तीच, फक्त भाकरीचे धान्य कुठून आले एवढ्याने सरकारचा खर्च निम्म्यावर येतो.

पण दीड कोटीची ती फट नुसती मागणीची होती का? याच प्रश्नावर 1952 मध्ये व्ही. के. आर. व्ही. राव यांनी बोट ठेवले होते. राव केंब्रिजला केन्स यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे त्यांनी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स उभे केले. गुरूचे सूत्र भारताला जसेच्या तसे लावू नका, असे त्यांनी एका लेखात बजावले. इंग्लंडच्या मंदीत गिरण्या तयार होत्या, कच्चा माल होता, कारागीर होते, फक्त गिऱ्हाईक नव्हते. तिथे गिऱ्हाइकाच्या खिशात पैसा घातला की गिरणी सुरू होते. भारतातल्या खेड्यात जादा पैसा आला की पहिली मागणी धान्याची, आणि धान्य मागितल्याबरोबर पिकत नाही. मग गुणक चालतो तो भावांत, उत्पादनात नाही.

दुष्काळात तर ही अडचण दुप्पट होते. बेल्ह्याच्या माळावरची बाजरी गिऱ्हाईक नव्हते म्हणून राहिली नव्हती, पाणी नव्हते म्हणून राहिली होती. पिकवण्याची कुवतच त्या वर्षापुरती खाली आली होती आणि हा भाग कितीही मजुरी वाटून भरून येणारा नव्हता. पण त्याच गावात दुसरीही एक फट होती. चांभार, शिंपी, सुतार, गाडीवान यांचे हात शाबूत होते, हत्यारे शाबूत होती, आणि गिऱ्हाइकाकडे पैसा नाही म्हणून ते बसून होते. शेतमजुरीवर जगणाऱ्याच्या बाबतीत हे आणखी तीव्र होते. पीक बुडाले की त्याची मजुरी बुडते आणि बाजारात धान्य असले तरी ते घेण्याची ऐपत बुडते. ही फट केन्सची, आणि ती पैशाने भरता येते.

दोन्हींतली कोणती फट किती मोठी आहे हे ओळखायला मोठ्या आकडेवारीची गरज पडत नाही, आठवड्याचा बाजार पुरतो. दुकानात माल पडून आहे, भाव पडलेले आहेत, उधारीची वही मात्र जाड होत चालली आहे, असे दिसले तर कमतरता मागणीची. पगाराच्या दिवशी दुकानातली पोती रिकामी होतात आणि पुढच्या बाजारी भाव चढलेला असतो, असे झाले तर कमतरता मालाची. त्या वर्षी धान्याच्या दुकानात दुसरे चित्र होते आणि बलुतेदाराच्या ओसरीवर पहिले.

म्हणून 1973 मध्ये माणसे जगवण्यात जे यश आले त्याला दोन पाय होते. एक मजुरीचा, दुसरा धान्याचा. बांगलादेश युद्धानंतर अमेरिकेची सवलतीच्या धान्याची जुनी व्यवस्था संपल्यासारखी होती. केंद्राने परदेशी बाजारातून धान्य विकत घेतले आणि 1973 मध्ये सोव्हिएत संघाकडून वीस लाख टन गहू उसनाही आणला. रेशनवरचा वाटा अपुराच होता. राज्याराज्यांमध्ये खासगी धान्यव्यापाराला बंदी होती, तरी भाव चढलेल्या महाराष्ट्राकडे छुप्या मार्गाने धान्य येत राहिले. ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा पुढे बारकाईने अभ्यास केला. त्यांनी दाखवले की पन्नास लाख मजुरांच्या हातात पैसा पडल्यामुळे हे धान्य राज्यात ओढले गेले, आणि खाण्यातली काटकसर एकट्या गरिबांच्या वाट्याला न येता सगळ्या थरांत वाटली गेली. गुणकाच्या सूत्रात आयात म्हणजे गळती, वजाबाकी. त्या उन्हाळ्यात तीच गळती माणसे जगवत होती. सूत्राला उत्पन्न मोजता येते, पोट मोजता येत नाही.

आंबेगाव-जुन्नरच्या बाबतीत एक जास्तीची वाटही होती, तिचा उल्लेख करायलाच हवा. या पट्ट्यातली कितीतरी माणसे मुंबईत होती. माथाडी, गिरणी कामगार, डबेवाले. त्यांची मनिऑर्डर म्हणजे तालुक्याच्या दृष्टीने निर्यातच: माल न पाठवता बाहेरून आलेला पैसा. पोस्टमनने मोजून दिलेल्या वीस रुपयांना सरकारी मजुरीइतकाच गुणक लागू पडत होता.

पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दुष्काळाच्या तोंडावरच, 1971 मध्ये, भारतातल्या दारिद्र्यावरच्या आपल्या अभ्यासात ग्रामीण भागात सार्वजनिक कामे काढण्याची शिफारस केली होती. आणि त्याच्याही आधी, 1965 मध्ये, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळ ओसरल्यावर सरकारपुढे प्रश्न होता तो हाच: ही कामे संकटापुरती ठेवायची की कायमची करायची? महाराष्ट्राने ती कायमची केली. रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागणे हा त्यात हक्क होता, सरकारची मेहेरबानी नव्हती.

कायमची योजना म्हणजे कायमचा पैसा. तो आणला व्यवसाय करातून. 1 एप्रिल 1975 पासून नोकरदार, व्यापारी, डॉक्टर, वकील यांच्यावर हा कर बसला. त्याबरोबर इतर काही उपकर होते, आणि जमा होईल तितकीच रक्कम सरकारने स्वतः घालायची असे ठरले. राज्यघटनेने या करावर वर्षाला अडीचशे रुपयांची मर्यादा घातलेली होती, ती 1988 मध्ये अडीच हजार झाली. पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापलेले दिसतात, त्यांचा उगम हा.

कर घेऊन खर्च केला तर एका खिशातून काढून दुसऱ्यात घातले, त्यात वाढ कसली, ही शंका तेव्हाही घेतली जात होती. पण दोन खिसे सारखे नसतात. मुंबईच्या कारकुनांकडून मिळून हजार रुपये कर घेतला, आणि जादा रुपयातले सत्तर पैसे खर्चण्याची त्यांची सवय असेल, तर त्यांचा खर्च सातशेनेच घटतो. उरलेले तीनशे त्यांच्या शिलकीतून गेले, एरवी ते बाजारात आलेच नसते. सरकार मात्र हजारच्या हजार कामावर खर्च करते. म्हणजे पहिल्याच फेऱ्यात निव्वळ तीनशेची भर पडते, आणि मजुराच्या हातातला रुपया कारकुनाच्या हातातल्यापेक्षा वेगाने पुढे सरकतो ती भर वेगळी. जुन्नरच्या बाजारपेठेच्या दृष्टीने तर आख्खे हजारच बाहेरून आलेले. घट झाली ती दादर-गिरगावच्या दुकानांत, आणि तीही पसरून, कोणाच्या फारशी लक्षात न येईल इतकी.

योजनेच्या दोषांवर शाई कमी खर्च झालेली नाही. मस्टरवर खोटी नावे, मोजमापात खोट, आणि सगळ्यांत सार्वत्रिक तक्रार उशिरा होणाऱ्या पगाराची. ही शेवटची गोष्ट नुसत्या गैरसोयीची नाही, ती गुणकच मोडते. पगार दीड महिना लांबला की मजूर तोवर उधारीवर जगतो, आणि पैसे हातात पडले की ते थेट दुकानदाराच्या जुन्या बाकीत जातात. दुकानदारही त्यातून स्वतःचे घाऊक व्यापाऱ्याचे देणे फेडतो. वर मांडलेल्या हिशोबातले नव्वद रुपये अशा वेळी पाचशे होतात आणि बाजाराच्या दिवशी चांभाराकडे कोणी फिरकत नाही. उत्पन्नाच्या फटीवर वेळेत पडलेला हजार आणि दीड महिन्याने पडलेला हजार कागदावर सारखेच दिसतात.

आयातीच्या गळतीवर मात्र या दोन तालुक्यांच्या पश्चिम टोकाला एक वेगळाच इलाज होता. डिंभ्याच्या वर, घोड नदीच्या खोऱ्यात, महादेव कोळी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या पडकई करत आली आहेत. डोंगराच्या उतारावर दगडांची ताल रचायची, वरची माती खणून खाली ओढायची आणि पायरीएवढ्या जागेचे सपाट भातखाचर करायचे. एका कुटुंबाच्या हाताने ते होत नाही म्हणून वाडीतले सगळे आळीपाळीने एकमेकांच्या रानात राबतात. भात निघाल्यापासून पाऊस लागेपर्यंतचे, एरवी रिकामे जाणारे महिने यात जातात. डिंभे धरणात चांगल्या जमिनी आणि जुने आंबेगाव गाव बुडाले, तेव्हा वर सरकलेल्या माणसांना उतारावरची जमीनच उरली. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांनी त्यांच्याबरोबर काम करताना ‘शाश्वत’ संस्थेमार्फत आग्रह धरला की सरकारी पैसा कामासाठी मिळणारच असेल तर तो पडकईसाठी मिळावा. मजुरी माणसाला त्याच्याच रानातल्या कामासाठी मिळावी.

त्या मागणीत गुणकाचे गणित आपोआप आले होते. खडी फोडून मिळालेला हजार रुपया तांदूळ आणायला घोडेगावच्या किंवा मंचरच्या दुकानात जातो आणि तिथून तालुक्याबाहेर. पडकईवर मिळालेला हजार पहिल्या वर्षी तसाच जातो. पण पुढच्या पावसाळ्यात त्या पायरीवर भात उभे राहते आणि तेवढा तांदूळ विकत आणावा लागत नाही. सूत्रातला m जरा खाली येतो आणि पुढच्या प्रत्येक रुपयाचा मुक्काम वाडीत जरा लांबतो. रावांच्या आक्षेपालाही यातून थोडे उत्तर मिळते, कारण इथे मागणी वाढते तशी पिकवण्याची कुवतही वाढते, फक्त एक पावसाळा उशिरा. पूर्वेकडच्या पाझर तलावांनीही हेच केले, जिथे ते नीट जागी बांधले गेले तिथे. तलावाखालच्या विहिरींना पाणी टिकले की दोन पोती बाजरी जास्त होते. चुकीच्या खडकावर बांधलेला तलाव दिवाळीपर्यंत कोरडा पडतो, आणि मग हाती राहतो तो मजुरीचा एकवेळचा फेरा.

पुढे कुकडीचे कालवे आले. येडगाव, वडज, माणिकडोह, डिंभे ही धरणे एकामागून एक भरू लागली. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोच्या गाड्या परराज्यांत निघू लागल्या आणि मंचरला कांदा-बटाट्याचे ढीग लागले. बाहेरून धान्य आणणारा पट्टा बाहेर माल धाडणारा झाला. पश्चिमेच्या वाड्यांवर आणि पूर्वेच्या काही गावांत कालव्याचे पाणी चढलेच नाही, तिथे उन्हाळी कामांची मागणी राहिली.

2005 मध्ये केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला आणि 2 फेब्रुवारी 2006 पासून तो देशभर टप्प्याटप्प्याने लागू झाला. त्या कायद्याने शंभर दिवसांच्या अकुशल मजुरीचा भार दिल्लीकडे गेला, त्यापुढच्या दिवसांचा बोजा राज्याकडे राहिला. पागे यांच्या तासगावमधल्या प्रयोगाला तोवर चाळीस वर्षे झाली होती. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून फेब्रुवारीत कापले जाणारे तीनशे रुपये त्यानंतरही कापले जात राहिले.